भजनी सप्ताहाच्या चित्रफितींचे हस्तांतर : प्रकल्प नोंदी

१० सप्टेंबर २०२५

गणपती होऊन गेले आणि ठरल्याप्रमाणे आजपासून आपल्या चॅनलचे संपादनाचे काम मी टप्प्याटप्प्याने सोपवण्यास सुरुवात केली आहे. घरच्या हापूसच्या बागेची सगळी जबाबदारी या वर्षीपासून माझ्याकडे आली आहे. मोहर फुटू लागल्यापासून आंबा काढून होईपर्यंत रात्री जागून फिती जुळवणे मला शक्य होणार नाही, आणि अर्धवट लक्ष देऊन हे काम करण्यापेक्षा ते नीट दुसऱ्या हातात देणे मला योग्य वाटते. पुढचे संपादन ताई पाहणार आहेत. त्यांना चित्रफिती जोडण्याचा अनुभव आहे, पण भजनाचे लांब ध्वनिमुद्रण त्यांनी अजून हाताळलेले नाही, त्यामुळे या नोंदी प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहेत.

प्रकाशित झालेल्या फिती कोणालाही उतरवून घेता येतात, म्हणून त्या सोपवण्यात फारसे काही नाही. सोपवायचे आहे ते मूळ चित्रण, मूळ आवाज, ते दोन्ही एकमेकांशी कसे बसवले याची माहिती आणि ज्यांचे गायन आपण टिपले त्यांची परवानगी. या चार गोष्टी हातात असतील तर दहा वर्षांनंतरही एखाद्या वाडीला आपल्या बुवांचा तेवढा प्रहर वेगळा काढून देता येईल. त्यांतली एक जरी नसेल, तर प्रकाशित फितीला कात्री लावण्यापलीकडे काही करता येत नाही.

सगळे जुने प्रकल्प एकेक करून समजावण्यापेक्षा या वर्षीच्या श्रावणातला भजनी सप्ताह हा नमुना म्हणून घ्यायचे आम्ही ठरवले. तो सर्वांत अवघड आहे. तो ताईंना स्वतंत्रपणे उघडता आणि दुरुस्त करता आला, तर पालखी, कीर्तन, दहीकाला हे सगळे त्यापेक्षा सोपे आहे.

१४ सप्टेंबर २०२५

सप्ताहाच्या शेवटच्या अहोरात्राचे, म्हणजे आठ प्रहरांचे, चित्रण आपल्याकडे सलग आहे. प्रत्येक प्रहर ३ तासांचा आणि प्रत्येक प्रहराला वेगळ्या वाडीचे भजनी मंडळ. एक कॅमेरा सभामंडपाच्या दाराजवळ तिवईवर, दुसरा पखवाजाच्या बाजूला, आणि गाभाऱ्याकडून एक मोबाईल. आवाजासाठी पेटीसमोर ठेवलेला स्वतंत्र रेकॉर्डर.

आकारमानाचा हिशेब आधी सांगतो, कारण जागा अपुरी पडली की काय पुसायचे हा प्रश्न नक्की येतो. आपला कॅमेरा सेकंदाला सुमारे साडेतीन एमबी लिहितो, म्हणजे एका अहोरात्राचे एका कॅमेऱ्याचे चित्रण ३०० जीबीच्या आसपास जाते. रेकॉर्डरचा आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन मार्गिकांचा असतो आणि तो तासाला जेमतेम १ जीबी घेतो, म्हणजे सगळा मिळून २५ जीबी. चित्रातला एखादा कोपरा गेला तरी भजन शिल्लक राहते, आवाज गेला तर काहीच राहत नाही, आणि शिवाय तोच सर्वांत कमी जागा खातो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की वेळ आली तर दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्रण पुसावे, पण रेकॉर्डरच्या मूळ फाईलला कधीही हात लावू नये.

फोल्डरांची मांडणी अशी आहे :

```
2025-08_saptah/
  01_mul/        A1 A2 A3 ... B1 B2 ... M1  R
  02_sthir/      (25 fps phone)
  03_prakalp/
  04_shirshake/  srt
  05_paravangi/
  06_prakashit/
```

`A` आणि `B` हे दोन कॅमेरे, `M` मोबाईल, `R` रेकॉर्डर, आणि अक्षरापुढचा आकडा म्हणजे कार्डाचा क्रमांक. नावे मुद्दाम रोमन लिपीत आणि मोकळी जागा न सोडता ठेवली आहेत, म्हणजे कोणत्याही संगणकावर व कोणत्याही आज्ञेत ती न अडखळता चालतात. `01_mul` मधले काहीही बदलायचे नाही, ते फक्त वाचायचे. बाकी सगळे फोल्डर त्यावरून पुन्हा तयार करता येतात. अपवाद फक्त परवानग्यांचा, कारण त्या पुन्हा मिळतीलच असे नाही.

२१ सप्टेंबर २०२५

आज ताईंच्या संगणकावर पहिली प्रत उतरवली आणि प्रकल्प उघडून पाहिला. अपेक्षेप्रमाणे सगळ्या फिती लाल पडल्या. संपादनाच्या प्रकल्पात चित्रण साठवलेले नसते, ते कोणत्या डिस्कवर कोणत्या फोल्डरात आहे याचा पत्ताच फक्त असतो. माझ्याकडे तो पत्ता `E:` ने सुरू होतो, ताईंकडे `D:` ने. पत्ता बदलून दिला की फिती परत येतात, त्यात अवघड काही नाही.

अवघड आहे ते त्यानंतरचे. आपल्या कॅमेऱ्यात रिकामे कार्ड घातले की फाईलचा क्रमांक पुन्हा `C0001.MP4` पासून सुरू होतो, म्हणजे त्या एका अहोरात्रात `C0001.MP4` या नावाच्या अनेक फाईल तयार झालेल्या असतात. सॉफ्टवेअरला हरवलेली फाईल शोधायला सांगितले की काही वेळा ते फक्त नाव पाहते आणि सापडेल ती पहिली फाईल उचलते. तसे झाले तर लाल खूण नाहीशी होते, सगळे ठीक दिसते, आणि रात्रीच्या प्रहरात पहाटेचे मंडळ बसलेले असते. हे ओळखायचे कसे, तर प्रत्येक प्रहराच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी थांबून बुवांकडे पाहायचे. दोन वाड्यांचे बुवा एक नसतात, त्यामुळे घोळ झाला असेल तर तिथेच समजतो. घोळ होऊच नये म्हणून कार्डावरून उतरवतानाच प्रत्येक फाईलच्या नावापुढे कार्डाची खूण लावायची, उदाहरणार्थ `A3_C0001.MP4`. सप्ताहाच्या सगळ्या फाईलना ती लावलेली आहे. जुन्या प्रकल्पांत जिथे ती नाही, तिथे शोध न लावता प्रत्येक कार्डाचा फोल्डर हाताने दाखवावा.

आणखी एक. कॅमेरा सलग चित्रण एकाच फाईलमध्ये ठेवत नाही, ४ जीबी झाले की तोडून पुढची फाईल सुरू करतो. आपल्या वेगाने हे साधारण २० मिनिटांनी घडते. रेकॉर्डर २ जीबीला तोडतो, म्हणजे सुमारे २ तास ४ मिनिटांनी, त्यामुळे प्रत्येक प्रहराच्या आवाजाच्या दोन फाईल होतात. त्या शेजारी शेजारी चिकटवल्या की आवाज सलग येतो, मधे फट ठेवायची नाही आणि तिथे आवाज चढता-उतरता करण्याचीही गरज नाही.

प्रत खरी उतरली की नाही हे केवळ आकार पाहून कळत नाही, म्हणून मूळ फाईलची यादी ठशांसह, म्हणजे प्रत्येक फाईलच्या आशयावरून काढलेल्या खुणेसह, केली आहे. आम्ही दोघेही विंडोजवर गिट बॅश वापरतो, त्यात या दोन ओळी पुरतात. पहिली माझ्याकडे चालवली, दुसरी ताईंकडे :

```
find 01_mul -type f -exec sha256sum {} + > yadi.sha256
sha256sum -c yadi.sha256
```

ताईंकडे एका फाईलपुढे `FAILED` आले. तिचा आकार मूळ फाईलइतकाच होता, पण चालवून पाहिली तेव्हा एका ठिकाणी चित्र हिरव्या चौकोनांत फुटत होते. केबल बदलून तीच फाईल पुन्हा उतरवल्यावर ठसा जुळला. ही तपासणी करायला संगणकाला बराच वेळ लागतो, रात्री लावून झोपावे हे बरे. मात्र ती पूर्ण होईपर्यंत मूळ कार्ड पुसू नये.

२८ सप्टेंबर २०२५

आज आवाज आणि चित्र यांची जुळवणी. या प्रकल्पातला खरा गाभा हाच आहे, म्हणून ही नोंद सविस्तर लिहितो आहे.

कॅमेरा आणि रेकॉर्डर यांना एकमेकांची घड्याळे माहीत नसतात. दोघांच्या आत स्वतःचे स्फटिकाचे घड्याळ असते आणि दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. फरक इतका बारीक असतो की पाच मिनिटांच्या आरतीत तो जाणवतच नाही. पण ३ तासांच्या प्रहरात तो साचत जातो, आणि सुरुवातीला अचूक बसलेला टाळ शेवटी चित्रातल्या हाताच्या आधी किंवा नंतर वाजू लागतो.

म्हणून प्रत्येक प्रहराच्या सुरुवातीला आणि शेवटी, सर्व कॅमेऱ्यांना दिसेल अशा जागी उभे राहून एक स्वच्छ टाळी वाजवण्याची पद्धत आपण पाळतो. रात्रीच्या दुसऱ्या प्रहराचे उदाहरण आज ताईंसोबत सोडवले. कॅमेरा ए मध्ये दोन टाळ्यांमधले अंतर १०,००० सेकंद भरले, म्हणजे २ तास ४६ मिनिटे ४० सेकंद. रेकॉर्डरच्या फाईलमध्ये त्याच दोन टाळ्यांमध्ये १०,०००.४ सेकंद आहेत. सेकंदाला २५ फ्रेम असल्याने एक फ्रेम ०.०४ सेकंदांची, म्हणजे ०.४ सेकंदांचा फरक हा १० फ्रेमचा झाला. पहिली टाळी जुळवून तसेच सोडले तर शेवटच्या टाळीचा आवाज चित्राच्या १० फ्रेम मागे येतो. झांजेचा हात मिटून उघडला तरी आवाज आलेला नसतो.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे आवाज मधून मधून कापून थोडा पुढे सरकवणे. कीर्तनात ते चालते, कारण पूर्वरंग आणि उत्तररंग यांच्यामध्ये थांबा असतो, बुवा पाणी पितात, तेवढ्यात कापलेले कोणाला कळत नाही. सप्ताहात ते चालत नाही. तिथे नाम अखंड असते. एक मंडळ उठून दुसरे बसतानाही टाळ थांबत नाही, नवे मंडळ जुन्यांच्या ठेक्यातच आपला टाळ मिसळते आणि मग जुने हळूहळू बाजूला होतात. तिथे आवाजाला कात्री लावली की ठेक्यात ठेच लागते आणि ती कुठल्याही भजन्याला ऐकू येते.

त्यामुळे आपला नियम उलटा आहे. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड ठेवायचा आणि चित्र सरकवायचे. १०,००० सेकंदांत १० फ्रेम म्हणजे १,००० सेकंदांत एक, म्हणजे साधारण १७ मिनिटांत एक फ्रेम. एवढ्या वेळात आपण एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर अनेकदा जातो. अशा बदलाच्या ठिकाणी पुढचा तुकडा एक फ्रेम उशिरा सुरू होईल असा बसवला तर डोळ्याला काहीच दिसत नाही, कारण चित्र तिथे तसेही बदलणारच होते. संपूर्ण प्रहरात अशी दहा ठिकाणे निवडायची. ती ठिकाणे टाइमलाइनवर निळ्या खुणेने दाखवली आहेत. आवाजाची गती अत्यल्प बदलून ताणण्याचीही सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, पण त्यासाठी संगणक प्रत्येक स्वराची फेरमांडणी करतो आणि झांजेच्या कडक आघातावर त्याचा परिणाम मला ऐकू येतो, म्हणून मी तो मार्ग वापरलेला नाही.

टाळीबद्दल ताईंनी विचारलेला प्रश्न अगदी मोक्याचा होता. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माईकवरही टाळी ऐकू येते, मग दोन्ही आवाजांचे आलेख एकमेकांवर ठेवून सॉफ्टवेअरकडूनच जुळवणी का करून घेऊ नये? त्याची दोन कारणे आहेत. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. आपला कॅमेरा ए सभामंडपाच्या दाराशी, टाळी वाजते तिथपासून जवळजवळ १४ मीटरवर असतो, म्हणजे त्याच्या माईकपर्यंत टाळी पोहोचायला एक फ्रेम जाते. आवाजावरून जुळवले तर रेकॉर्डर चित्राच्या एक फ्रेम मागे बसतो. चित्रात हात ज्या फ्रेमवर मिटतात तीच फ्रेम धरायची. दुसरे कारण भजनाचेच आहे. ठेका पुन्हा पुन्हा तोच येत असल्याने आलेखही पुन्हा पुन्हा तसाच दिसतो, आणि सॉफ्टवेअर एका आवर्तनाऐवजी शेजारच्या आवर्तनावर नेऊन बसवू शकते. तसे झाले तर टाळ जुळलेला वाटतो, पण बुवांचे ओठ जुळत नाहीत. म्हणून तपासताना टाळ पाहायचा नाही, अभंगाचा पहिला शब्द उच्चारणारे ओठ पाहायचे.

किती फरक चालतो याचेही एक माप आहे. माणसाला आवाज चित्राच्या पुढे गेलेला फार लवकर खटकतो, सुमारे ४५ मिलिसेकंदांपासून, म्हणजे जेमतेम एका फ्रेमच्या पुढे. आवाज मागे राहिला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत, म्हणजे तीन फ्रेमपर्यंत बहुतेकांना जाणवत नाही, कारण दूरचा आवाज उशिरा येण्याची आपल्याला सवय असते. शंका असेल तेव्हा आवाज एक फ्रेम मागे ठेवावा, पुढे कधीही नाही.

मोबाईलचे चित्रण या सगळ्याच्या आधी वेगळे हाताळावे लागते. मोबाईल उजेड कमी-जास्त झाला की फ्रेमचा वेग स्वतःच बदलतो, त्यामुळे त्याचा फरक सरळ रेषेत साचत नाही. समईचा उजेड आणि आरतीचा कापूर यांच्यामध्ये तो कुठेही सरकतो, आणि वर सांगितलेला १,००० सेकंदांचा हिशेब तिथे लागू पडत नाही. आधी त्याला स्थिर २५ फ्रेमवर आणायचे, आणि मगच टाइमलाइनवर घ्यायचे :

```
ffmpeg -i M1_0001.mp4 -vf fps=25 -c:v libx264 -crf 18 \
  -c:a pcm_s16le -ar 48000 M1_0001_25.mov
```

तयार झालेली फाईल `02_sthir` मध्ये जाते, मूळ फाईल जागेवरच राहते. २५ हा वेग आणि शटर १/५० हे दोन्ही आपल्याकडच्या विजेमुळे ठरवले आहेत. वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि शटर त्याच्याशी मेळ खाणारे नसेल तर चित्रावर काळसर पट्टे सरकताना दिसतात. चित्रण झाल्यावर ते काढता येत नाहीत, म्हणून पुढच्या सप्ताहाला जो कोणी कॅमेरा लावेल त्याने तिथेच शटर तपासावे.

५ ऑक्टोबर २०२५

शीर्षके आणि ओळी. अलीकडच्या सगळ्या अभंगांच्या ओळी `srt` फाईलमध्ये युनिकोडमध्ये आहेत. जतन करताना त्या `UTF-8` मध्येच ठेवाव्यात, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हे येतात. सर्वांत जुन्या फितींची शीर्षके मात्र युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेली आहेत. तो फॉन्ट ताईंच्या संगणकावर नाही, म्हणून तिथे देवाच्या नावाऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसली. अशा प्रत्येक शीर्षकाचे पडद्यावरील चित्र मी सोबत ठेवले आहे, त्यावरून ती नव्याने टंकलिखित करता येतील. फॉन्ट शोधत बसण्यापेक्षा हाच मार्ग टिकाऊ आहे. टंकल्यानंतर ‘वाऱ्यावर’ सारख्या शब्दातला ऱ्य आणि प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी नीट बसली आहे का हे डोळ्यांनी पाहावे.

छापील गाथेतला पाठ आणि बुवांनी गायलेला पाठ यांत फरक असेल तर ओळीत बुवांचा पाठ द्यायचा, हे आपले धोरण मी पुढेही चालू ठेवण्याची विनंती करतो. आपण गाथेची आवृत्ती काढत नाही, एका वाडीत अभंग कसा गायला जातो हे नोंदवतो. अपवाद एकच, बुवांनी स्वतः ‘इथे माझी ओळ चुकली’ असे सांगितले तर.

आवाजाची पातळीही आजच सांगून ठेवतो. यूट्यूब -१४ एलयूएफएसच्या वर गेलेला आवाज स्वतःच खाली आणते, पण कमी असलेला वर नेत नाही. आपण सरासरी त्याच्या आसपास ठेवतो आणि सर्वांत मोठा आघात -१ डेसिबलच्या वर जाऊ देत नाही. पखवाजाची थाप दाबून सगळे एकसारखे मोठे करण्याचा मोह टाळावा. भजन जसजसे चढत जाते तसतसा आवाज वाढत जाणे हेच त्याचे रूप आहे, आणि ते दाबले की शेवटचा गजर सुरुवातीच्या रूपाच्या अभंगासारखाच ऐकू येतो.

याच दिवशी ताईंना चॅनलच्या खात्यावर मालक म्हणून जोडले. मुख्य मालकी लगेच देता येत नाही, मालक म्हणून जोडल्यानंतर ७ दिवस जावे लागतात.

१२ ऑक्टोबर २०२५

परवानग्यांचा फोल्डर. आठही मंडळांच्या बुवांची लेखी संमती आहे, पण ती का घ्यावी लागते हे ताईंना माहीत असणे आवश्यक आहे, कारण ‘अभंग तर संतांचे आहेत, मग परवानगी कसली’ असे विचारणारे पुढेही भेटतील.

एका फितीत तीन वेगळे हक्क असतात. संतांचे शब्द शतकांपूर्वीचे आहेत, त्यांवर आज कोणाचा हक्क नाही. चाल मात्र कोणा अलीकडच्या संगीतकाराची असेल तर १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे तिच्यावर त्या संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे हक्क राहतो. तिसरा हक्क प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा. सादरीकरणावरील त्यांचा हक्क कायद्याने ५० वर्षे टिकतो, आणि त्यासाठीच आपण संमती घेतो. संमतीत फक्त बुवांची सही पुरत नाही. पखवाज, झांज आणि मागे गाणाऱ्यांच्या वतीने मंडळाच्या प्रमुखाची सही आणि सर्वांची नावे हवीत, आणि फिती कुठे व किती काळ दाखवणार हे त्यात स्पष्ट हवे.

यूट्यूबवर आवाज ओळखणारी यंत्रणा प्रसिद्ध मुद्रणाशी साम्य दिसले की हक्काचा दावा लावते. आपल्या एका प्रहरावर असा दावा आला होता, कारण बुवांनी एका लोकप्रिय चालीवर अभंग म्हटला होता. अशा वेळी आधी प्रामाणिकपणे ठरवायचे की चाल खरोखर दुसऱ्याची आहे की पारंपरिक. पारंपरिक असेल तर हरकत नोंदवायची. दावा करणाऱ्याला उत्तर देण्यासाठी ३० दिवस असतात. चाल दुसऱ्याची असेल तर भांडू नये, तेवढा अभंग प्रकाशित फितीतून वगळावा. `01_mul` मध्ये तो राहतोच. या प्रहराच्या बाबतीत बुवांनीच चाल कोणाची ते सांगितले आणि तो अभंग आपण वगळला.

गाभाऱ्याकडून केलेल्या चित्रणाबाबत देवस्थानाच्या मानकऱ्यांचे म्हणणे तोंडी होते. ते आता लेखी घेऊन फोल्डरात ठेवले आहे : देवीच्या स्नानाचे आणि कौल लावण्याचे चित्रण करायचे नाही, केले गेले तरी दाखवायचे नाही.

१४ ऑक्टोबर २०२५

मुख्य मालकी आज ताईंच्या खात्याकडे गेली. सोबत एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती आठवणीने केली : खाते परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाईल क्रमांक आणि दुसऱ्या टप्प्याची ओळख, ही दोन्ही माझ्या फोनशी बांधलेली होती. ती बदलली. माझे नाव आता केवळ पाहण्याच्या अधिकारापुरते ठेवले आहे, तेही वर्षअखेरीस काढावे.

डिस्क दोन आहेत, दोन्ही `exFAT` पद्धतीने सज्ज केलेल्या, कारण जुन्या `FAT32` मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. एक ताईंकडे, दुसरी देवस्थानाच्या कार्यालयात. दोन्ही एकाच घरात ठेवू नयेत. खाडीकाठच्या आपल्या हवेत पावसाळाभर दमट आणि खारट वारा असतो, म्हणून डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवली आहे. पुड्यांतल्या दाण्यांचा रंग बदलला की त्या सुकवाव्यात किंवा बदलाव्यात. कॅमेऱ्याची भिंगेही त्याच डब्यात ठेवावीत, म्हणजे बुरशी धरणार नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर, `sha256sum -c` चालवून दोन्ही प्रती तपासाव्यात. एका डिस्कवरची फाईल बिघडली असेल तर दुसरीवरून घेता येते, मात्र बिघाड वेळेत कळला तरच.

२६ ऑक्टोबर २०२५

ताईंनी माझ्या मदतीशिवाय रात्रीच्या दुसऱ्या प्रहरातून एका मंडळाचा शेवटचा गजर वेगळा काढला, मोबाईलचे चित्रण स्थिर करून त्यात जोडले, आणि ओळींसह फीत तयार केली. मी ती पाहिली. बुवांचे ओठ आणि शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळलेले आहेत. हस्तांतर पूर्ण झाले असे मी समजतो.

आता आभार, आणि ते कशासाठी हे नेमके सांगणे मला महत्त्वाचे वाटते.

रात्री-अपरात्री, दर ३ तासांनी, मंडळ बदलण्याच्या गर्दीत मधोमध जाऊन जे दादा दोन्ही टाळ्या वाजवत राहिले, त्यांच्यामुळे आठही प्रहर जुळले. पहाटेच्या प्रहरात त्यांनी टाळी वाजवली नसती तर तो प्रहर आज केवळ आवाज म्हणून उरला असता. गायलेल्या प्रत्येक अभंगाची पहिली ओळ आणि वेळ वहीत लिहून ठेवणाऱ्या काकूंमुळे अहोरात्राच्या मुद्रणात हवा तो अभंग शोधता येतो. ती वही `04_shirshake` मध्ये छायाचित्रांच्या रूपात आहे, आणि मूळ वही काकूंकडेच राहावी असे मला वाटते. आठही बुवांनी आमचा माईक पेटीसमोर ठेवू दिला आणि कॅमेऱ्यासाठी आपली बैठक कधीही बदलली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. सभामंडपाच्या झगमगत्या रोषणाईऐवजी स्थिर दिवे लावण्याची विनंती मानकऱ्यांनी मान्य केली, त्यामुळे चित्रावरचे पट्टे गेले. कार्डे बदलण्यासाठी जागणारी वाडीतली मुले आणि त्यांना मध्यरात्री चहा व घावणे पोहोचवणाऱ्या घरांचेही मनापासून आभार.

ताईंचे आभार वेगळे मानतो. त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नामुळे या नोंदीत एखादी ओळ वाढली, आणि टाळीचा प्रश्न तर मी स्वतः कधी कोणाला लिहून समजावला नव्हता.

एक काम बाकी राहते : युनिकोडपूर्व शीर्षके नव्याने टंकायची. त्यांची यादी `03_prakalp` मध्ये `shirshak_baki.txt` या नावाने ठेवली आहे, आणि सर्वांत वर देवीच्या जत्रेच्या फिती आहेत, कारण जत्रा जवळ आली की लोक त्याच आधी शोधतात.